ॲमेझॉनमध्ये कोपरा अडवून डाव जिंकता येत नाही

"ॲमेझॉन एकदम सोपा गेम आहे. पहिल्या पाच-सहा चालीत बाण मारून एक कोपरा आपल्या नावावर करायचा, भिंत तिरकी घातली की बाणही कमी लागतात. भिंत बंद झाली की रिकामी घरं मोजा, ज्याची जास्त तो जिंकला. पुढचं खेळणं नुसती औपचारिकता."

हे एवढं फिरतंय की आमच्या घरातल्या पोरानेही मला वाचून दाखवलं, म्हणून म्हटलं एकदा नीट उत्तर लिहूनच टाकू. ज्यांनी खेळ बघितलाच नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी: पट १० बाय १० चा, डावीकडून उभ्या रांगांना a ते j आणि खालून आडव्या रांगांना १ ते १० अशी नावं, दोघांच्या चार-चार ॲमेझॉन. पांढऱ्याच्या a4, d1, g1, j4 वर आणि काळ्याच्या a7, d10, g10, j7 वर. आपल्या वेळेला एक ॲमेझॉन बुद्धिबळातल्या वजिरासारखी आडवी, उभी नाहीतर तिरकी हवी तितकी न्यायची आणि जिथे थांबली तिथून तशाच सरळ रेषेत एक बाण मारायचा, तो पडला की ते घर कायमचं बंद. सोंगटी मारणं वगैरे काही नाही, कुणाच्या अंगावरून किंवा बाणावरून उडी नाही, आणि ज्याला चालच उरली नाही तो हरला. अर्जेंटिनाच्या वॉल्टर झामकाउस्कास यांनी १९८८ मध्ये हा खेळ काढला. आम्ही पुठ्ठ्यावर चौकटी आखून खेळतो, बाणाला चिंचोके, ९२ मोजून वाटीत काढले की कधीच कमी पडत नाहीत कारण सुरुवातीला रिकामी घरंच ९२ असतात आणि दर चालीला बरोब्बर एक जातं.

आता कोपऱ्याचं बघू. पांढऱ्याने पट बघितला की मोह होणारच, कारण a4 आणि d1 वर आपल्याच दोघी आधीच उभ्या आहेत, मधे b4, c4, d4, d3, d2 एवढ्या पाच घरांवर बाण पडले की आतली ३ बाय ३ ची नऊ घरं आपली. पण हे पाच बाण मारायचे कुणी? a4 आणि d1 हलल्या तर भिंतीलाच भोक, म्हणजे ते काम g1 आणि j4 ने पळापळ करून करायचं, आणि तोवर समोरच्याच्याही पाच चाली होतात. त्याने तुमच्या कोपऱ्यात एकही बाण टाकला नाही असं धरलं (तो टाकणारच, मी असते तर पहिला तिथेच टाकला असता) तरी हिशोब काय होतो, तर ९२ मधून दोघांचे मिळून दहा बाण गेले, राहिली ८२, त्यातली नऊ तुमची, उरलेल्या ७३ घरांसाठी त्याच्या चार ॲमेझॉन विरुद्ध तुमच्या दोन. नऊ घरांची राखण करायला अर्धी फौज दारावर बसवली आणि बाकीचं मैदान त्याला आंदण दिलं.

बरं, या पहिल्या पाच-सहा चालीत पट कसा असतो ते पण बघा. पांढऱ्याकडे पहिल्याच वेळेला २१७६ वेगवेगळ्या चाली असतात. एवढं सगळं मोकळं असताना जागा कुणाची हे भिंतीवरून ठरत नाही, आधी कोण पोचतो त्यावरून ठरतं. एखादं रिकामं घर घ्यायचं, आपली सगळ्यात जवळची ॲमेझॉन तिथे किती चालीत जाते आणि त्याची किती चालीत ते मोजायचं, कमी ज्याच्या त्याचं घर. जेन्स लीबरुम यांच्या अमेझाँग या प्रोग्रामने पटाची किंमत साधारण अशीच काढली, वजिराच्या चालीने वेगळं अंतर आणि राजासारखं एकेक पाऊल टाकत वेगळं, आणि त्याशिवाय कुठली ॲमेझॉन आवळली जातेय यालाही वेगळे गुण. हे शेवटचं माणसं विसरतात. मधे उभ्या ॲमेझॉनला कोंडायला भोवतीची आठ घरं बंद करावी लागतात, कडेला असेल तर पाच, आणि कोपऱ्यात स्वतःहून जाऊन बसली असेल तर फक्त तीन. म्हणजे पहिल्या चालीतच कोपरा गाठला की समोरच्याला तीन बाणात एक ॲमेझॉन खेळाबाहेर काढायची सोय तुम्हीच करून दिली, आणि चारातली एक गेली की पुढचा अख्खा डाव तीन विरुद्ध चार.

तिरक्या भिंतीचा सल्ला तर सरळ चूक आहे, इथे मतभेदाला जागाच नाही. a4 आणि d1 तिथेच आहेत आणि b3, c2 वर बाण पडलेत असं समजा. चार घरांची तिरकी रांग झाली, दिसायला कोपरा बंद, आणि पाचऐवजी दोनच बाणात! आता समोरच्याची ॲमेझॉन c3 वर आणा. c3 वरून b2 ला जायला b3 किंवा c2 वर पाय ठेवावाच लागत नाही, उंट जातो तशी ती दोघांच्या मधल्या फटीतून आत. b4 वरून a3 तसंच, d2 वरून c1 तसंच. आणि ती स्वतः आली नाही तरी तिचा बाण त्याच फटीतून येतो. त्यामुळे इथे भिंतीचं प्रत्येक घर पुढच्या घराला बाजूने चिकटलेलं लागतं, नुसतं कोपऱ्याला कोपरा लागून चालत नाही, आणि त्या हिशोबाने a4 पासून d1 पर्यंत जायला दोन टोकं धरून सात घरं लागतातच. मग ती पायऱ्यापायऱ्यांनी नेली तर आत सहा घरं मिळतात आणि चौकोनी नेली तर नऊ, म्हणजे तिरकं जाण्यात बचत नाहीच, वर तोटा. शिवाय बाणाला मालक नसतो. त्याने स्वतःच्या कामासाठी मारलेला बाणही तुमच्या भिंतीत बसू शकतो, म्हणून चांगला खेळणारा सातही घरं स्वतः भरत बसत नाही, अर्धी भिंत पडलेली दिसली की उरलेली पुरी करतो. सगळे बाण आपणच खर्चायचे म्हणजे कुंपणच शेत खातंय.

आता मोजण्याचं, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलेय. मागच्या सुट्टीत भाच्याबरोबर डाव चालू होता. शेवटी सगळं आवळून माझी एकच ॲमेझॉन हलू शकत होती, d2 वर, आणि आत माझी b2, c2, c3, c4 अशी चार रिकामी घरं. त्याची एक i9 वर, तिच्या दोन्ही बाजूंना h9 आणि j9 मोकळी, बस. चार विरुद्ध दोन आणि चाल माझी. मी म्हटलं कुठेही मारा, एकच घर जाणार, आणि d2 वरून c3 वर जाऊन c2 वर बाण ठेवला. झालं ते असं (# म्हणजे बंद घर, A माझी, टिंब म्हणजे रिकामं):

```
5  # # # # #
4  # # . # #
3  # # A # #
2  # . # . #
1  # # # # #
   a b c d e
```

मी चिंचोके गोळा करायलाच लागले होते, तीन विरुद्ध दोन झालंय की! तर म्हणतो, "अगं मावशी थांब, खेळून तरी दाखव." त्याने i9 वरून h9 वर उडी घेतली आणि बाण मागे, नुकत्याच मोकळ्या झालेल्या i9 वरून थेट j9 वर. माझी पाळी. c4 ला गेले तर तिथून मारायला एकच घर दिसतं, c3, ज्यावरून मी आले. ते बंद केलं की मी c4 मध्ये कोंडले. b2 ला गेलं तरी तेच, d2 ला गेलं तरी तेच. तीन घरं रिकामी आणि चाल एकच! ती केली, त्याने i9 वर परत येऊन h9 बंद केलं, आणि माझ्याकडे दोन घरं समोर रिकामी दिसत असून हलायला काही नाही. हरले.

कारण काय, तर b2, c4, d2 या तिन्ही आंधळ्या गल्ल्या आहेत, प्रत्येकीला एकच दार आणि ते दार म्हणजे c3. अशा गल्लीत ॲमेझॉनने शिरायचं नसतं, बाहेर उभं राहून आत बाण टाकायचा असतो, पण बाणाच्या आधी हलणं सक्तीचं आणि हलायला गल्लीशिवाय जागाच मी ठेवली नव्हती. तेच c2 मोकळं असतं तर c3 वरून c2 ला उतरून बाण वर c4 ला, मग b2 ला जाऊन बाण आडवा d2 ला, मग परत c2 ला येऊन मागे b2 बंद, शेवटी c3 ला जाऊन c2 बंद, चारही घरांच्या चार चाली निघतात. म्हणजे त्या एका घरावर बाण ठेवला की चाराची एक होते. माझी त्या वेळची बरोबर चाल होती c3 वर जाऊन बाण मागे d2 वरच मारायचा. मग c2 ला उतरून c4, परत c3 ला चढून c2, आणि b2 ला जाऊन c3, एकूण चार चाली, त्याच्या दोन संपल्यावर मी आरामात हलत राहिले असते.

तेव्हा मोजायचीच असतील तर घरं मोजू नका, चाली मोजा. घरांचा आकडा फक्त वरची मर्यादा सांगतो, त्याहून जास्त चाली निघणार नाहीत एवढंच. लांबट सरळ पट्टा असेल तर एक पाऊल पुढे, बाण मागच्या घरावर, असं करत सगळी घरं वसूल होतात. जिथे एकाच घरातून तीन आंधळ्या गल्ल्या फुटतात तिथे शंका घ्यायची आणि भिंत बंद करायच्या आधी घ्यायची, कारण नंतर आकार बदलता येत नाही. आणि हे नेहमी नजरेने दिसेल असंही नाही. मायकेल बुरो यांनी २००० मध्ये दाखवलं की सगळे आपापल्या जागेत बंद झाल्यावरसुद्धा, कितीही मोठा पट धरला तर, कोण जिंकणार हे ठरवणं संगणकशास्त्रातल्या एनपी जातीच्या अवघड प्रश्नांइतकंच अवघड आहे, म्हणजे हमखास झटपट सोडवायची पद्धत कुणाला माहीत नाही. आपल्या १० बाय १० वर शेवटी पाच-सात घरंच उरतात त्यामुळे बोटाने खेळून बघता येतं, पण बघायला तर हवं.

भाच्याचंही तसं फार पक्कं नव्हतं, नंतर त्यानेच कबूल केलं. पहिल्या चालीला h9 वर गेल्यावर बाण j9 ऐवजी जवळच्या i9 वर मारायचं त्याच्या मनात आलं होतं. तसं केलं असतं तर तो h9 मध्ये अडकला असता, पलीकडे j9 रिकामं राहिलं असतं पण तिथे जाता आलं नसतं, आणि मी माझी ती एकुलती एक चाल करून जिंकले असते.