डॉलर साठवणाऱ्यांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘लेख बाळबोध आहे. चलन कोसळते ते डॉलर साठवणाऱ्या स्वार्थी लोकांमुळे, आणि तुम्ही त्यांचीच वकिली करता. सरकारने कडक बंदी घातली असती तर जर्मनीचा मार्क वाचला असता. शिवाय १९२३ च्या डॉलरच्या भावात तुमची शून्ये चुकली आहेत. चार पुस्तके चाळून अर्थशास्त्र लिहिता येत नाही, थोडा अभ्यास करावा.’

महोदय,

शून्यांची चूक माझीच आहे आणि ती मान्य करतो. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, माझ्याकडून ‘लाख’ हा शब्द गळला. दाखवून दिल्याबद्दल आभार.

‘बाळबोध’ या शेऱ्याला मात्र उत्तर देणे भाग आहे. लेखातल्या एकाही वाक्याचे खंडन न करता लेखकाच्या अभ्यासावर शिंतोडे उडवायचे, याला टीका म्हणत नाहीत. मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात बावीस वर्षे काढली आहेत. चलनावरचा विश्वास उडू लागला की पहिली खूण कोणत्या अहवालात उमटत नाही, ती भावाच्या फलकावर दिसते. खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांतले अंतर रुंदावू लागते. जिथे पैशापैशाचा फरक असायचा तिथे रुपयांचा फरक पडतो. मग समोरचा व्यापारी फोनवर भाव सांगतो, पण ‘किती रकमेसाठी?’ या प्रश्नावर गप्प राहतो. काही तासांनी तो भावही सांगेनासा होतो. हे मी कानांनी ऐकले आहे, चाळलेल्या पुस्तकात वाचलेले नाही. त्या फोनच्या पलीकडे स्वार्थी राक्षस बसलेला नसतो. आज विकलेल्या डॉलरच्या बदल्यात मिळालेल्या नोटांचे उद्या काय येईल, हे ज्याला सांगता येत नाही असा माणूस तिथे असतो.

आपल्या प्रतिक्रियेतले एकच वाक्य खऱ्या अर्थाने मुद्द्याचे आहे, ते बंदीचे. ती बंदी जर्मनीने घालून पाहिली होती, हे आपल्याला माहीत असते तर ते वाक्य आपण लिहिले नसते. १२ ऑक्टोबर १९२२ च्या वटहुकुमाने देशांतर्गत व्यवहारात परकीय चलन मागण्यावर आणि सट्ट्यासाठी ते विकत घेण्यावर निर्बंध आले. त्या महिन्यात डॉलरचा सरासरी भाव सुमारे ३,००० मार्क होता. नोव्हेंबरमध्ये तो ७,००० च्या वर गेला आणि जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८,००० झाला. बंदीने डॉलरची गरज संपली नाही. उघड्यावरचा विक्रेता तेवढा आडोशाला गेला, आणि आडोशाचा विक्रेता जोखमीची किंमतही भावात धरतो.

पुढचा प्रयोग आपल्या मताला अधिक अनुकूल होता, म्हणून तो सविस्तर सांगतो. ११ जानेवारी १९२३ ला जर्मनीच्या औद्योगिक रूर खोऱ्यात फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य घुसले आणि महिनाअखेरीस डॉलर ४९,००० मार्कांच्या आसपास पोहोचला. तेव्हा राइश्सबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, स्वतःचे सोने आणि परकीय चलन बाजारात ओतून भाव २०,००० च्या आसपास खाली ओढला आणि जवळजवळ दोन महिने तिथेच धरून ठेवला. आपल्या हिशेबाने साठेबाजांचे कंबरडे तेव्हाच मोडायला हवे होते. पण त्याच काळात या सैन्याच्या निषेधार्थ संपावर बसलेल्या रूरच्या कामगारांचे पगार आणि सरकारचा बाकीचा तुटीचा खर्च नव्या नोटांतूनच भागवला जात होता. जानेवारीअखेर ते एप्रिलअखेर चलनातल्या नोटा तिपटीहून अधिक झाल्या. एका हाताने बँक सोने विकून मार्क गोळा करत होती आणि दुसऱ्या हाताने सरकारला त्याहून अधिक मार्क देत होती. १८ एप्रिलला हा बांध फुटला. स्वस्तात डॉलर देणे बँकेला पुढे परवडेनासे झाले होते.

आता ज्या गोष्टीत आपले थोडे बरोबर आहे ती सांगतो, कारण ती आपण स्वतः नीट मांडलेली नाही. लोकांचे चलनापासून पळणे भाव वाढवते, आणि छापलेल्या नोटांच्या प्रमाणाहून कितीतरी जास्त वाढवते. समजा, लोक सरासरी एका महिन्याच्या खर्चाएवढी रोकड जवळ बाळगतात. उद्या त्यांनी एका आठवड्यापुरतीच ठेवायचे ठरवले, तर नोट हातात आली की लगेच वस्तूत किंवा डॉलरमध्ये बदलली जाते. त्याच नोटा चौपट वेगाने फिरतात, वस्तू मात्र तेवढ्याच असतात, म्हणून एकही नवी नोट न छापता किमती जवळपास चौपट होतात. त्याच काळात नोटाही दुप्पट छापल्या, तर किमती आठपट होतात. यात डॉलर सर्वांच्या पुढे धावतो, कारण घरभाडे किंवा पगार बदलायला दिवस लागतात आणि डॉलरचा भाव तासागणिक बदलतो. पुढे दुकानदार कालची किंमत बघतच नाही, डॉलर बघून नवी पाटी लावतो. तिथून महागाई डॉलरच्या मागे चालू लागते आणि बघणाऱ्याला वाटते की डॉलरनेच सगळे केले. त्या काळी जर्मनीतल्या जबाबदार माणसांचीही अशीच समजूत होती: मार्क परकीय देण्यांमुळे पडतो, किमती त्यामुळे चढतात आणि नोटा नाइलाजाने छापाव्या लागतात. ही समजूत महागात पडली, कारण तिच्यामुळे छापखाना निर्दोष ठरला.

पण पळण्याची सुरुवात छापण्यातून होते. कर आकारल्यापासून तो भरला जाईपर्यंत काही महिने जातात, तोवर कराची खरी किंमत उरत नाही, तूट वाढते आणि आणखी नोटा छापल्या जातात. निवृत्तिवेतनावर, रोख्यांवर आणि बचत खात्यावर जगणाऱ्या ज्या लोकांनी मार्क धरून ठेवले त्यांची आयुष्यभराची पुंजी गेली, आणि आपण ज्यांना स्वार्थी म्हणता ते याच नुकसानीपासून पळत होते. त्यांना दोष देण्याआधी त्यांच्या जागी बसून बघायला हवे होते. ते आपण केले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आणि सरकारसाठी नोटा छापणे थांबले की लोक परत येतात, हे त्याच वर्षाने दाखवले. १५ नोव्हेंबर १९२३ ला रेंटेनमार्क हे नवे चलन आले, सरकारला द्यायच्या कर्जाला ठरावीक मर्यादा पडली आणि त्याच दिवसापासून राइश्सबँकेने सरकारच्या हुंड्या वटवून त्याला नोटा देणे थांबवले. २० नोव्हेंबरला डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांवर स्थिर झाला. एक लाख कोटी जुने मार्क म्हणजे एक रेंटेनमार्क. सगळ्या कागदी मार्कांची सोन्यातली किंमत तेव्हा बँकेजवळच्या सोन्याहूनही कमी झालेली होती, इतक्या सर्रास लोकांनी ते टाकून दिले होते. त्यानंतर नोटा थांबल्या नाहीत, पुढच्या महिन्यांत त्यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले, तरी डॉलरचा भाव हलला नाही. लोक पुन्हा रोकड घरात ठेवू लागले होते, त्यामुळे नव्या नोटा किमतींवर न आदळता खिशात मुरल्या. डॉलर साठवणारे तेच होते. बदलले होते ते सरकारच्या तुटीचे पैसे येण्याचे ठिकाण.

आपल्या बाकीच्या शेऱ्यांवर वेळ घालवत नाही. लेखातला आकडा आज सकाळी दुरुस्त केला आहे, उरलेला मजकूर आहे तसाच राहील.