कॅफेचं दूध आणि बीन्स: ‘सातने भागा, वीस टक्के वाढवा’ हा हिशेब कुठे चुकतो

«मागच्या आठवड्यात किती दूध खपलं ते बघा, सातने भागा, वर वीस टक्के धरा आणि रोज तेवढं लावून टाका. बीन्सलाही तेच वीस टक्के. रेसिपी ठरलेली असेल तर कपांवरूनही हिशेब निघतो : कपाला १६० मिली दूध, किलोत ५५ शॉट. उरलं तर उरलं, संपायला नको. छोट्या कॅफेला याहून जास्त डोकं लावायची गरज नाही.»

नव्याने कॅफे काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कुणी ना कुणी हे ऐकवतंच. माझ्या मते यातलं प्रत्येक वाक्य तपासून घ्यायला हवं. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडच्या बाजूला, कॉलेजजवळ एक छोटा कॅफे आहे असं समजा. दिवसाला सरासरी ८५ कप जातात, त्यांतले बहुतेक दुधाचे. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं अशा कॅफेत दिसतात तशीच आहेत.

पहिली अडचण ‘खपलं’ या आकड्याची आहे. दूध खपलं किती हे वहीत असतं, गिऱ्हाइकांना हवं होतं किती हे नसतं. दूध संपलं की विक्री तिथेच थांबते, आणि वहीत तो दिवस मंद गेल्यासारखा दिसतो. आपल्या कॅफेत मागच्या सहा शनिवारी लागलेलं दूध असं आहे : २१, २३, २०, २४, २२ आणि शेवटच्या शनिवारी १८ लिटर. हे १८ वाचून कुणालाही वाटेल की शनिवार पडला. प्रत्यक्षात त्या दिवशी संध्याकाळी सातला दूध संपलं होतं. बाकीच्या शनिवारची बिलं काढून पाहिली तर सातपर्यंत दिवसाचे साधारण ७५ टक्के कप गेलेले असतात. म्हणजे १८ लिटर हा पाऊण दिवसाचा खप झाला. १८ ला ०.७५ ने भागा, २४ लिटर येतात. त्या शनिवारची खरी मागणी ही होती, आणि सहा शनिवारांतली ती सगळ्यांत मोठ्यांपैकी एक आहे.

आता १८ वर वीस टक्के धरून पाहा. २१.६ लिटर होतात. मागणी दुरुस्त केल्यावर सहापैकी चार शनिवारी हे दूध कमी पडलं असतं. म्हणजे या पद्धतीत एकदा दूध संपलं की पुढची ऑर्डरही कमी लागते आणि पुन्हा दूध संपायची शक्यता वाढते. यावर उपाय साधा आहे. दूध किंवा एखादा पदार्थ संपला की त्याची वेळ वहीत लिहायची. एवढी एक नोंद नसेल तर बाकीचा हिशेब कितीही काटेकोर केला तरी तो चुकीच्या पायावर उभा राहतो.

दुसरी चूक सातने भागण्याची. आपल्या कॅफेत दुरुस्त करून धरलेला सरासरी खप सोमवारपासून गुरुवारपर्यंत १२, ११, १२ आणि १३ लिटर, शुक्रवारी १६, शनिवारी आणि रविवारी २२-२२. एकूण १०८. सातने भागून वीस टक्के वाढवले की रोजचे साडेअठरा लिटर होतात. सोमवारी साडेसहा लिटर उरतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी आधी वापरायचं म्हटलं तरी मंगळवारी आणखी साडेसात, बुधवारी साडेसहा, गुरुवारी साडेपाच लिटरची भर पडतच राहते. चार दिवसांत २६ लिटर जादा. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध नीट थंड ठेवलं तरी दोन दिवसांपलीकडे त्यावर विसंबू नये, त्यामुळे साठा असाच वाढत गेला की त्यातलं काही ओतून द्यावं लागतं. आणि शनिवारच्या ताज्या साडेअठरा लिटरला तर साडेतीन लिटर कमीच पडतात, ते आधीच्या दिवसांच्या दुधातून भरावे लागतात. म्हणजे या पद्धतीत दूध ओतूनही द्यावं लागतं आणि गर्दीच्या दिवशी शिळ्यावर अवलंबूनही राहावं लागतं.

दूध रोज पहाटे येतं आणि आदल्या संध्याकाळपर्यंत सांगता येतं, तेव्हा त्याचा अंदाज वाराप्रमाणेच करावा. उद्या मंगळवार असेल तर मागचे सहा मंगळवार बघायचे, बाकी आठवड्याकडे लक्ष द्यायचं नाही. त्यातून रात्री फ्रीजमध्ये उरलेलं चांगलं दूध वजा करायचं. आपल्याकडे सोमवारी रात्री तीन लिटर उरलं असेल आणि मंगळवारला तेरा हवं असेल, तर दहा मागवायचं. ही वजाबाकी त्या सल्ल्यात कुठेच नाही.

मग जास्तीचं किती धरायचं? इथे सल्ल्यातली एक गोष्ट मला पटते. दुधाच्या बाबतीत संपणं हे उरण्यापेक्षा खरोखर महाग आहे. फुल क्रीम दुधाचा लिटर साधारण ७० रुपयांना पडतो आणि त्यात पाच कप होतात. प्रत्येक कपामागे सगळा माल वजा जाता शंभर रुपये सुटत असतील, तर लिटरभर दूध कमी पडलं की पाचशे रुपये गेले. सत्तर आणि पाचशे यांचं प्रमाण पाहिलं तर आठांपैकी एखाद्याच दिवशी दूध कमी पडावं, इतकी ऑर्डर मोठी हवी. सहा शनिवारचे आकडे हाताशी असतील तर त्यांतला वरचा घ्यायचा, म्हणजे २४. तो सरासरीपेक्षा फक्त दोन लिटरने जास्त आहे, नऊ टक्क्यांनी. दुसऱ्या एखाद्या कॅफेत पावसाप्रमाणे शनिवार कधी १५ तर कधी ३० होत असेल, तर तिथे वीस टक्केही अपुरे. जादा किती हे त्या वाराचे आकडे किती वरखाली होतात त्यावरून ठरतं. सगळ्यांना लागू पडेल असा टक्केवारीचा एकच आकडा नसतो.

त्याहीपलीकडच्या दिवसांसाठी मी टेट्रापॅकचा बारा लिटरचा खोका मागच्या फळीवर ठेवावा असं सांगेन. त्यातलं यूएचटी, म्हणजे क्षणभर खूप तापवून भरलेलं, दूध बंद पाकिटात महिनोन् महिने टिकतं, त्यामुळे ते वाया जायची भीती नाही. त्याला थोडी शिजवल्याची चव असते, म्हणून गरज पडली की आधी कोल्ड कॉफीला ते वापरायचं आणि ताजं दूध कॅपुचिनोसाठी राखायचं. तारीख जवळ आली की तेही कोल्ड कॉफीतच संपवून नवा खोका आणायचा.

बीन्सकडे आलं की सगळं गणित बदलतं, आणि मला सर्वांत जास्त हरकत ‘तेच वीस टक्के’ यालाच आहे. आपल्या कॅफेला आठवड्याला १२ किलो बीन्स लागतात. वीस टक्के वाढवून दर सोमवारी १४.४ किलो मागवले, तर दर आठवड्याला २.४ किलो शिल्लक पडतात. बीन्स दुधासारख्या नासत नाहीत, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पाच आठवड्यांत १२ किलो साचले, म्हणजे पूर्ण आठवड्याचा माल. पुढेही असंच चाललं तर ग्राइंडरमध्ये पडणारी प्रत्येक बॅग रोस्ट होऊन अधिकाधिक दिवस उलटलेली असते. हे ओळखायची खूण ग्राइंडरवरच दिसते. शॉट पूर्वीपेक्षा लवकर वाहायला लागतो, क्रेमा, म्हणजे शॉटवरचा तपकिरी फेस, विरळ होतो, आणि तेवढाच वेळ मिळवायला बरिस्ताला दर आठवड्याला दळण बारीक करावं लागतं. असं होऊ लागलं की मशीन तपासण्याआधी बॅगेवरची रोस्टची तारीख वाचावी.

बीन्समध्ये जादा साठा एकदाच धरायचा असतो. तो फळीवर आला की पुढच्या ऑर्डरमध्ये पुन्हा वाढवायचा नाही, फक्त तो तेवढाच आहे ना हे पाहायचं. त्यासाठी ऑर्डरपासून वापरापर्यंत किती दिवस जातात ते मोजावं लागतं. समजा चिकमगळूरच्या बीन्स भाजणारा तुमचा रोस्टर सोमवारी ऑर्डर घेतो, बुधवारी भाजतो आणि शुक्रवारी माल पोचतो. एस्प्रेसोसाठी त्या बीन्सना पोचल्यावर साधारण आठवडाभर विश्रांती हवी. भाजल्यावर आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला नाही तर शॉट फुरफुरत येतो आणि चव आंबट, विस्कटलेली लागते. म्हणजे आज मागवलेला माल पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, ११ दिवसांनी हातात येतो. आणि पुढच्या सोमवारी मागवलेला माल त्यानंतर आणखी सात दिवसांनी. तेव्हा आज फळीवर असलेलं आणि आज मागवलेलं मिळून १८ दिवस पुरलं पाहिजे.

१८ दिवसांचे होतात सुमारे ३१ किलो. जादा २ किलो धरू, एकूण ३३. सोमवारी सकाळी सगळ्या बॅगा आणि हॉपरमधल्या बीन्स मोजल्या तर २० किलो निघाल्या. मग ऑर्डर १३ किलोची. दोनच किलो जादा का, तर एखाद्या दिवसाचा खप उडी मारतो, पण दोन-अडीच आठवड्यांत ते चढउतार एकमेकांत बरेच भरून निघतात. कुरिअर दोन दिवस उशिरा आलं तर आठवड्याच्या विश्रांतीतले दोन दिवस कमी होतात, कॉफी बंद पडत नाही. म्हणून विश्रांतीचे दिवस हाही एक साठाच समजावा. विश्रांती न देता आल्या दिवशी बॅग फोडणाऱ्या कॅफेला हा आधार नसतो, त्याने जादा साठा मोठा ठेवावा.

कपांवरून काढलेल्या आकड्यांबद्दल थोडक्यात. १८ ग्रॅमच्या डोसने किलोत ५५ शॉट बसतात खरे, पण रोज सकाळी दळण जमवताना तीन-चार शॉट ओतून दिले जातात, दळण बदललं की नळीत राहिलेली जुनी पूड काढावी लागते, एखादा शॉट बिघडतो. आपल्या कॅफेत ६०० कपांना १२ किलो लागतात, म्हणजे किलोत ५०. दुधाचंही तसंच. दुधाचे ५४० कप, रेसिपीने ८६ लिटर व्हायला हवेत, लागतात १०८. मधले २२ लिटर कुठे जातात ते शोधायचं असेल तर आठवडाभर सिंकजवळ एक मापाचं भांडं ठेवा आणि पिचरमध्ये उरलेलं फेसाळ दूध त्यात ओतायला सांगा. फेस बसला की रात्री मोजा. बहुधा निम्म्याहून जास्त तिथेच सापडेल, काही कर्मचाऱ्यांच्या चहात. एका कपासाठी ६०० मिलीचा पिचर भरला की उरणारच, त्यासाठी ३५० मिलीचा वेगळा पिचर हवा. रेसिपीचा आकडा ही गळती दाखवायला उत्तम आहे. ऑर्डर मात्र प्रत्यक्ष लागणाऱ्या दुधावरूनच द्यावी, कारण ऑर्डर कमी केल्याने पिचरमधलं सांडणं थांबत नाही, फक्त दूध लवकर संपतं.

राहिले ते दिवस, जे कोणत्याच सरासरीत बसत नाहीत. अनंत चतुर्दशीला आणि पालखी शहरात येते त्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात. कोजागरीला घराघरांत दूध आटतं, तेव्हा वितरकाला जादा पिशव्या दोन-तीन दिवस आधीच सांगून ठेवाव्यात. कॉलेजच्या परीक्षा आणि सुट्ट्यांनी तर आपल्या कॅफेचा आठवडाच बदलतो. अशा दिवसांपुढे वहीत कारण लिहावं आणि पुढच्या वेळी सहा आकडे काढताना ते वगळावेत. मागच्या वर्षीचा तोच सण मात्र जरूर बघावा. जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या आंदोलनाने पुण्या-मुंबईचा दूधपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला होता. असं पुन्हा झालं तर वाराचे आकडे उपयोगी पडणार नाहीत, फळीवरचा तो खोका पडेल.