धरण शंभर टक्के भरलं आणि आमच्या घरात शोककळा

मराठवाड्यात दोन माणसं भेटली की आधी "कसंकाय" होतं आणि लगेच "जायकवाडी किती टक्के?" होतं. तब्येत, पोरंबाळं, कुणाचं लग्न जमलं, हे सगळं नंतर. आमच्या संभाजीनगरचं पिण्याचं पाणी तिथलं, जालन्याचं तिथलं, एमआयडीसी त्याच्यावर, खालची शेती त्याच्यावर, त्यामुळं पाऊस आमच्याकडं पडो न पडो, नाशिक-नगरकडं धो धो पडला की आम्ही इकडं पेढे वाटतो. तर मागच्या सप्टेंबरात माझ्या धाकट्या भावाचा गावाकडून फोन आला, त्याची जमीन घनसावंगीकडं डाव्या कालव्यावर आहे, तो नुसता नाचायचा बाकी होता. "दादा, भरलं की! शंभर टक्के! दरवाजे उघडायलेत!" मी फोन स्पीकरवर टाकला आणि स्वयंपाकघराकडं बघून ओरडलो, अगं ऐकलंस का, जायकवाडी फुल्ल!

आतून आवाज आला, "अरे देवा. म्हणजे यंदा चिखल नाही."

भाऊ म्हणाला, वहिनींना बरं नाही का? मी म्हणलं, नाही रे, पक्षी झालेत.

झालं असं की तिच्या शाळेतल्या एका मॅडमनी तिला एका रविवारी सकाळी सलीम अली सरोवराच्या कडेला नेलं. चला, तेवढंच फिरणं होईल म्हणून गेलेली बाई परत आली ती हातात वही घेऊन, आणि वहीत सातभाई, वेडा राघू, धोबी, खंड्या असं लिहिलेलं. मला वाटलं कुणाची उधारी लिहून आणलीय. त्यानंतर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आला, आणि तो ग्रुप पहाटे साडेचारला जागा होतो हो. त्यात एक रिटायर्ड बँक मॅनेजर, एक दातांचे डॉक्टर, दोन मॅडम आणि नववीतला एक पोरगा. हा पोरगा म्हणजे ग्रुपचा शेवटचा शब्द. आमच्या पोराला बावीस वर्षं "तुला काय कळतंय" म्हणणारी ही बाई त्या पोरापुढं "हो का रे, पायाचा रंग बघायचा का?" असं मान हलवत विचारते. मला एवढं मानानं तिनं लग्नानंतर पहिल्या वर्षीसुद्धा काही विचारलेलं नाही.

मग दुर्बीण आली. मी म्हणलं घ्यायचीच तर मोठी घे, वीस पट वगैरे, दूरचं दिसंल. तर मला आठ गुणिले बेचाळीसवर लेक्चर झालं. आठ म्हणजे आठ पट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पट वाढवली की पक्षी मोठा दिसतो पण आपल्या हाताचं थरथरणंही तेवढ्याच पटीनं मोठं होतं आणि बघायची जागा आकसते, त्यामुळं उडता पक्षी सापडतच नाही. आणि भिंग मोठं असलं की पहाटेच्या अंधुक उजेडातही बरं दिसतं. हे सगळं खरं निघालं, पण मला पहिल्यांदा डोळ्याला लावल्यावर नुसता काळा अंधार आणि मधी एक गोल भोक दिसलं. मी म्हणलं बिघडलीय, परत कर. तिनं डोळ्याजवळचे रबरी कप गोल फिरवून आत ढकलले आणि म्हणली, "चष्मेवाल्यांनी हे आत ठेवायचं असतं." त्यानंतर डावा डोळा मधल्या चाकानं, उजवा डोळा त्याच्या रिंगनं जुळवायचा, एक डोळा मिटून, असं सगळं तिनं मला शिकवलं आणि दुर्बीण काढून घेतली. आजतागायत मला ती परत मिळालेली नाही.

रविवारचं काय सांगू. आमच्याकडं रविवार म्हणजे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि मी. आता शनिवारी रात्रीच धपाटे होतात, वास घरभर सुटतो, आणि ते सगळे फॉइलमध्ये गुंडाळून पिशवीत जातात. बँक मॅनेजरला लै आवडतात म्हणे. मी विचारलं, आणि मला? "फ्रीजमध्ये पीठ मळून ठेवलंय." संक्रांतीच्या दिवसांत तर शेजारच्या काकू वाण घेऊन आल्या आणि विचारलं मॅडम कुठायत, मी म्हणलं हळदीकुंकवाला गेल्यात. खोटं नव्हतं, हळदीकुंकू नावाचं एक बदक असतं, चोचीवर लाल-पिवळं, तेच बघायला गेली होती. काकू मात्र अजून शोधायल्यात की कॉलनीत कुणाकडं कार्यक्रम होता आणि आपल्याला बोलवलं कसं नाही.

मी ड्रायव्हर म्हणून पैठणला जातो तेव्हा मला हा चिखलाचा मामला कळला. जायकवाडीचं पाणी साठलंय तेच नाथसागर, ते 1976 साली झालं आणि 1986 साली त्याला पक्षी अभयारण्य केलं. आमची जमीन सपाट, त्यामुळं धरणाचं पाणी खोल कमी आणि पसरलेलं जास्त, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. आता पाणी पूर्ण भरलं की ते थेट बाभळींत आणि शेताच्या बांधापर्यंत जाऊन टेकतं, मग काठ असा राहतच नाही. आणि हिवाळ्यात लांबून येणाऱ्या अर्ध्याअधिक पाहुण्यांना काठच पाहिजे असतो. टिलवा म्हणून एक पक्षी आहे, चिमणीएवढा, त्याचे पाय इन मिन दोन सेंटिमीटर, तो पोहत बसत नाही, ओल्या गाळात चोच खुपसून किडे काढतो. थापट्या बदक पोहतं खरं, पण त्याला उथळ पाणी लागतं, फावड्यासारखी चोच पाण्यात घालून ते गाळत फिरतं. शंभर टक्क्यांत हे लोक उतरणार कुठं? पाणी हळूहळू ओसरलं, काठावर गाळ उघडा पडला, की मग खरी गर्दी. त्याच उघड्या जमिनीत लोक गाळपेरा करतात, हरभरा टाकतात, म्हणजे पक्षी आणि शेतकरी दोघं एकाच पट्ट्यावर डोळा ठेवून असतात. आणि तिसरी आमची ही.

एका सकाळी त्या गाळावर जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. काठावर एक टिलवा एकटाच गवताच्या कडेनं फिरत होता. डॉक्टर म्हणाले छोटा टिलवा. आमची मंडळी म्हणली, नाही, टेमिंकचा टिलवा. फरक काय, तर छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट हिरवे. सोपं वाटतंय ना? पण दोघंही गाळात चालतात, आणि गाळात चालल्यावर कुणाचेही पाय काळेच होतात, माझे पण झाले होते, एक चप्पल तर अजून तिथंच आहे. मग पाय सोडून छातीवर आले. टेमिंकची छाती सगळी मळकट एकसारखी, छोट्याची पुढून पांढरी. पण सूर्य समोर, सगळंच मळकट दिसायलं. मग स्वभाव निघाला, छोटा म्हणे घोळक्यात आणि सारखा पळापळ करणारा, टेमिंक एकलकोंडा, दबकत चालणारा. डॉक्टर म्हणाले एखादा छोटा एकटा पडू शकत नाही का? हिनं दुर्बीण खाली न घेता सांगितलं, "वागणं बघा ना, आमच्या ह्यांच्यासारखा कडेकडेनं चाललाय." वाद इतका रंगला की धपाट्यांची पिशवी कुणी उघडंना. मी तिथं माझ्या हक्काच्या गोष्टीसाठी बसलो होतो. शेवटी काठानं एक म्हैस आली, पक्षी भुर्रकन उडाला, शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र दिसल्या, आणि नववीतल्या पोरानं निकाल दिला, टेमिंक. छोट्याच्या त्या कडा राखाडी असतात. बायकोनं डॉक्टरांकडं असं बघितलं की लग्नात मानपान पहिल्यांदा नीट झाल्यासारखं.

मग मोबाईलवर ईबर्ड उघडून यादी भरणं सुरू. कधी सुरू केलं, किती मिनिटं, किती किलोमीटर चाललो, कोणता पक्षी किती. पट्टकादंब हंसांचा मोठा थवा बसलेला असला तर एकेक मोजत नाहीत, दहा मोजायचे, ते दहा किती जागा घेतात ते डोळ्यात ठेवायचं, आणि तेवढे तुकडे थव्यावर पुढं पुढं सरकवायचे. मी हे शिकून एका लग्नात पंगतीवर करून बघितलं, आचाऱ्यापेक्षा जवळ आलो. तर यादीत शेवटी एक रकाना असतो, बघणारे किती. हिनं लिहिलं, पाच. मी मोजलं, आम्ही सहा होतो. मी म्हणलं मी? "तुम्ही गाडीत झोपला होतात." अगं नंतर आलो की, चप्पल गेली माझी! "हो, पण तुम्ही पक्षी कुठं बघितला, तुम्ही पिशवी बघत होतात." एवढा खरेपणा तिनं माझ्या आईपुढं कधी दाखवला असता तर घर चाललं नसतं.

नातेवाईकांची तर निराळीच पंचाईत. लग्नाच्या पत्रिका आल्या की तारीख बघून ती म्हणते, "डिसेंबरात कुणी लग्न ठेवतं का?" सगळा महाराष्ट्र डिसेंबरात लग्न ठेवतो. मेमध्ये मात्र कुठंही यायला तयार, बारशाला, मुंजीला, कुणाच्या नव्या बोअरच्या पूजेलासुद्धा, कारण तोवर पाहुणे परत गेलेले असतात.

आता मूळ भांडणाचं सांगतो. भाऊ आणि ही, महिनाभर एकमेकांशी धड बोलले नाहीत. त्याचं म्हणणं, भरलेल्या धरणावर नाक मुरडणारी बाई त्यानं मराठवाड्यात पहिल्यांदा बघितली. तिचं म्हणणं, भावजींना टक्क्यांपलीकडं काही दिसत नाही. मग नोव्हेंबर संपत आला, भावाचा गहू, हरभरा उगवून आला, आणि त्याचा फोन आला की कालव्याला आवर्तन कधी सुटतंय कुणास ठाऊक, साहेब लोक तारीख सांगंनात. मी काही बोलायच्या आत हिनं फोन माझ्या हातातून घेतला. "भावजी, आवर्तन सुटलं की धरणाची पातळी खाली येते ना?" तो म्हणाला, येतेच की वहिनी, कालव्याला पाणी जातंय म्हणल्यावर. "म्हणजे काठावर गाळ उघडा पडंल?" पडंल की. "मग अर्ज करा. सगळ्या गावाचा करा. मसुदा मी लिहून देते, शाळेच्या पत्रांचा अनुभव आहे मला." आणि खरंच, रब्बीच्या आवर्तनासाठी त्या गावचा अर्ज एका पक्षीनिरीक्षक बाईनं लिहिला, शुद्धलेखनाची एकही चूक नाही, पिकांची नावं बरोबर, फक्त टिलव्याचा उल्लेख मी खोडायला लावला.

आवर्तन त्याच्या वेळेला सुटायचं तेव्हाच सुटलं, अर्जामुळं का काय ते कालव्याला माहीत. पण तेव्हापासून दीर-भावजय रोज फोनवर. पाणी किती उतरलं, कालव्याला किती चाललंय, मला कुणी विचारत नाही. जानेवारीत एका रविवारी तो पिकअप घेऊन थेट पैठणला आला, येताना हुरड्याचं पोतं, ग्रुपनं त्याला डोक्यावर घेतलं. चालता चालता त्यानं शेतातल्या बांधाकडं बोट करून सांगितलं, "ती बघा टिटवी, कुणी जवळ आलं की अशीच बोंबलती." त्या पोरानं वही काढली, डॉक्टरांनी मान डोलावली. संध्याकाळी घरी आल्यावर हिनं यादी भरली. मी खांद्यावरून वाकून बघितलं. बघणारे: सहा.

भाऊ मोजला होता.