पाल चुकचुकली

रात्री पावणेतीनला आमच्या म्हापशाच्या घरात पाल चुकचुकली. आईने झोपेतच पलंगावर बोटाने टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. चाळीसेक सेकंदांनी पुन्हा चुकचुक, पुन्हा टकटक. सहाव्या वेळी ती उठून बसली. "इतकं खरं या घरात कोणी बोलत नाही रे. बघ काय ते!"

पाल नव्हती. बोटीवर नोकरीला असलेल्या दादाने 2015 साली स्वयंपाकघराबाहेर ठोकलेला स्मोक डिटेक्टर होता. बांगडे तळताना तो बोंबलायचा आणि आम्ही त्याला सुपाने वारा घालायचो, एवढाच आमचा संबंध. उतरलेली बॅटरी गारव्यात आणखी मान टाकते, म्हणून हा आजार नेमका पहाटेच्या सुमारास उपटतो.

सकाळी बाजारातून नऊ व्होल्टची नवी बॅटरी आणली, घातली, स्टुलावरून उतरलो. चुक्!

"नवी म्हणून जुनी दिली तुला," बायको म्हणाली. चुक्! "बघ, खरं आहे," आई म्हणाली.

शेजारचे निवृत्त इलेक्ट्रिशियन काका आले. बॅटरी काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा विद्युतभार उरतो, म्हणाले. आपण लगबगीने नवी घातली की सर्किटला मधे काही घडलं याचा पत्ताच लागत नाही, ते आपलं 'बॅटरी संपली' हेच धरून बसतं. म्हणून बॅटरी बाहेर ठेवून टेस्टचं बटण वीसेक सेकंद दाबून धरायचं. मी धरलं. आतून एक क्षीण कण्हणं आलं आणि विझलं. मग काकांनी यंत्रातल्या, बॅटरी ज्यांत बसते त्या टोप्या दाखवल्या. खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट थर चढला होता, शिवाय एक सैल. थर मुलाच्या खोडरबराने घासला, सैल टोपी पक्कडीने हलकी चिमटली. बॅटरी खट्‌कन बसली.

पाच मिनिटं शांतता. चहा ओतला. चुक्!

काकांनी मग यंत्र उलटं केलं. मागच्या स्टिकरवर उत्पादन 2014, आणि दहा वर्षांनी बदला असं स्पष्ट छापलेलं. साल होतं 2025.

"पण बटण दाबलं की केवढा ओरडतो!" मी वकिली केली.

"तो भोंगा आणि सर्किट. सेन्सरचं काय?" आत म्हणे एक काळोखा कप्पा असतो. एका बाजूने प्रकाशाचा झोत, आणि तो थेट पडणार नाही अशा कोनात सेन्सर. धूर शिरला की प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला दिसतो. दहा वर्षांची धूळ, किडे आणि आमच्या तळणाचा तेलकटपणा खाल्ल्यावर त्याला खरा धूर दिसेलच असं नाही. तेव्हा ही चुकचुक बॅटरीची नव्हे, निवृत्तीची. तिला नवी बॅटरी पुरत नाही, नवं यंत्रच लागतं.

दादाला फोन केला. येताना नवं आणतो म्हणाला, डिसेंबरात. तोवर इथलंच एक घेतलं. त्याच्या पाठीवर आजची तारीख मी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिली.

जुन्याची बॅटरी काढून तो टेबलावर ठेवला. "चला, सुटलो एकदाचे," मी म्हणालो.

चुक्!

बटण दाबायचं राहिलं होतं. आईचं बोट टेबलावर पोचलेलं होतंच.