खूर कापून फूट रॉट बरा होत नाही

«मेंढी लंगडली की खूर सडलाय समजा. सडका भाग लाल होईपर्यंत कापा, हवा लागली की जंतू मरतात. मग सगळा कळप मोरचुदाच्या पाण्यातून काढा. चिखलाचा आजार आहे, जमीन सुकली की आपोआप जातो.»

सगळ्यात जास्त नुकसान कापण्याने होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. या सल्ल्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच तो इतका पसरतो. फूट रॉट म्हणजे खूर सडण्याचा आजार, त्याचा मुख्य जंतू डायकेलोबॅक्टर नोडोसस. तो प्राणवायूत वाढत नाही, हे खरं. पण तो फक्त वरच्या सुटलेल्या कवचाखाली बसलेला नसतो. जिथे कवच जिवंत मांसाला धरून असतं, त्या सीमेवर तो पुढे पुढे सरकत असतो. तिथपर्यंत चाकू न्यायचा तर ज्या थरातून नवं खूर तयार होतं तोच थर कापला जातो. रक्त येतं, मेंढी आणखी लंगडते आणि खूर भरून यायला उशीर होतो. खूप खोल कापलेल्या खुरावर पुढे लाल, मांसल गाठ उगवते. ती मेंढी मग फूट रॉट गेल्यावरही लंगडत राहते. त्यात तोच चाकू पुढच्या मेंढीच्या पायाला लागतो आणि कापलेले तुकडे गोठ्यात पडतात. त्या तुकड्यांमध्ये जंतू उघड्या मातीपेक्षा जास्त दिवस टिकतो.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. ज्या मेंढ्यांना अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि खुराला हात लावला नाही, त्यांतल्या बहुतेक दहा दिवसांत बऱ्या झाल्या. खूर कापलेल्या मेंढ्यांना जास्त वेळ लागला.

मग वाढलेल्या, वाकड्या खुराचं काय? मेंढी दुखऱ्या पायावर भार टाकत नाही, त्यामुळे तो खूर झिजत नाही आणि वाढतो. म्हणजे वाढलेला खूर हा बहुतेक वेळा लंगडण्याचा परिणाम असतो. पाय बरा झाला, मेंढी चालू लागली की तो बराचसा आपोआप झिजतो. त्यानंतरही आकार बिघडलेला राहिला तर लटकणारा, निर्जीव भाग तेवढा छाटावा, रक्त येऊ न देता.

आता निदान. मेंढी उलटी बसवा, खुरावरचा चिखल पुसा आणि दोन खुरांच्या मधली बेचकी उघडून बघा. तिथली कातडी लाल, ओलसर, वर पांढुरकी साय, केस गळालेले, पण कवच कुठेही सुटलेलं नाही, तर ती सुरुवातीची पायरी आहे. फूट रॉट पुढे गेला की टाचेच्या आतल्या बाजूने कवच सुटू लागतं, खाली राखाडी, चिकट मळ दिसतो आणि असा वास येतो की एकदा घेतला की विसरत नाही. कळपात चालही ओळखू येते. आधी एखादी मेंढी पाय टेकताना मान झटकते, मग काही दिवसांत आणखी चार-पाच तशाच दिसतात. दोन्ही पुढचे पाय गेले की मेंढी गुडघ्यांवर चरते.

एकाच मेंढीचा एकच पाय अचानक गेला, खूर गरम आहे आणि बेचकी स्वच्छ आहे, तर आत पू झालेला असू शकतो. जखम वर, केस आणि खूर जुळतात त्या रेषेवर सुरू झाली असेल तर तोही वेगळा आजार. आणि बऱ्याच मेंढ्या एकदम लंगडल्या, ताप आहे, तोंडात फोड आहेत, तर लाळ्या-खुरकूत समजून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. या सगळ्यांवर एकच चाकू चालवणं धोक्याचं आहे.

चिखलाचा दोष अर्धाच आहे. ओलीने बेचकीतली कातडी मऊ पडते. शेणात आणि मातीत राहणारा फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा दुसरा जंतू त्या जखमेत भर घालतो. पण डायकेलोबॅक्टर नोडोसस कळपात नसेल तर नुसत्या चिखलाने फूट रॉट होत नाही. 1941 मध्ये बेव्हरिज या ऑस्ट्रेलियन संशोधकाने हा जंतू वेगळा करून आजाराचं मूळ कारण म्हणून दाखवला. मातीत तो साधारण आठ-दहा दिवस तग धरतो, क्वचित दोन आठवडे. मेंढीच्या खुरात मात्र महिनोन् महिने राहतो. म्हणून जमीन सुकली की पसरणं थांबतं, लंगडणं कमी दिसतं, आणि दोन-चार मेंढ्यांच्या खुरांत जंतू पुढच्या ओलीची वाट बघत राहतो.

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो मी मेंढ्यांसाठी सुचवणार नाही. मेंढीचं यकृत तांबं साठवतं आणि विषबाधेची मर्यादा इतर जनावरांपेक्षा लवकर गाठतं. तहानलेली मेंढी ते पाणी पिते, उरलेलं कुरणावर सांडतं. शिवाय शेण-माती मिसळली की त्याचा जोर उतरतो. फूटबाथमध्ये, म्हणजे पाय बुडवायच्या पाण्यात, फॉर्मॅलिन 3 टक्क्यांच्या वर नेऊ नये. उघड्या जखमेवर ते फार झोंबतं आणि त्याची वाफ माणसालाही घातक आहे. 10 टक्के झिंक सल्फेट त्यामानाने सोयीचं.

समजा 60 मेंढ्यांचा कळप आहे आणि 7 लंगडतात. आधी सातही वेगळ्या काढा, पाय बघा. कवच सुटलेल्यांना फूटबाथचं पाणी उपयोगी नाही, कारण ते कवचाखाली पोचतच नाही. त्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन द्यावं लागतं, नेहमीचं प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅम. 40 किलोच्या मेंढीला 800 मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरमागे 200 मिलिग्रॅमचं औषध असेल तर 4 मिलिलिटर. वजन अंदाजाने कमी धरलं की औषध कमी पडतं. जखमेवर अँटिबायोटिक स्प्रे मारा, आणि दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही ते बाटलीवर वाचून पाळा.

बाकीच्या 53 साठी फूटबाथ. अडीच मीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद खोबणीत 6 सेंटिमीटर पाणी म्हणजे 60 लिटर, त्यात 6 किलो झिंक सल्फेट. आधी मेंढ्यांना पाणी पाजा आणि साध्या पाण्यातून पाय धुऊन घ्या, नाहीतर चिखलाच्या थराबाहेरच औषध राहतं. पळवत नेऊ नका, दोन-तीन मिनिटं उभं करा. लोक सर्वात जास्त चुकतात ते यानंतर. बाहेर पडलेली मेंढी सरळ चिखलात गेली तर औषध धुऊन जातं. तासभर कोरड्या, कडक जमिनीवर थांबवा, मग जिथे दोन आठवडे मेंढी फिरली नाही अशा जागेत सोडा.

सातांपैकी जी दहा दिवसांत सुधारली नाही तिचा पाय परत बघा, कदाचित निदान चुकलं असेल. एकाच हंगामात दुसऱ्यांदा फूट रॉट झालेली मेंढी खूण करून ठेवा आणि कळपातून काढून टाका. नवीन आणलेली मेंढी तीन-चार आठवडे वेगळी ठेवा, आणि चारही पाय उलटून बघितल्याशिवाय कळपात घालू नका, ती लंगडत नसली तरी.