प्रत माहितीसाठी सविनय सादर

परवा सकाळी मला एक मेल आला. तो मला लिहिलेला नव्हता, माझ्याबद्दल होता. संपूर्ण मजकूर एवढाच: ‘हू इज धिस? प्लीज हँडल.’

लिहिणारे गृहस्थ म्हणजे एका कंपनीतले हायरिंग मॅनेजर. नऊ दिवसांपूर्वी त्यांनीच व्हिडिओ कॉलवर माझी पन्नास मिनिटं मुलाखत घेतली होती, मी काढलेल्या आकृतीला दोनदा ‘नाइस’ म्हटलं होतं आणि शेवटी आपण होऊन चॅटमध्ये स्वतःचा मेल आयडी टाकून ‘काही विचारायचं असेल तर बिनधास्त लिहा’ असं सांगितलं होतं. मी बिनधास्त लिहिलं. त्यांना ते रिक्रूटर बाईंकडे ढकलायचं होतं, पण फॉरवर्डऐवजी रिप्लाय दाबून त्यात बाईंचं नाव जोडलं, त्यामुळे मीही आत राहिलो. पंगतीत ‘हा कोणाकडचा?’ असा प्रश्न कुणीतरी यजमानाच्या कानात विचारावा आणि तो श्रीखंड वाढून घेणाऱ्यालाच ऐकू जावा, तसं झालं.

पार्श्वभूमी फार नाही. पुण्यात तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, आता बदल हवा आहे. एका कन्सल्टन्सीतल्या बाईंनी माझं प्रोफाइल कंपनीकडे पाठवलं, तीन राउंड झाले, बाई म्हणाल्या, ‘सर, दोन दिवसांत फीडबॅक.’ त्यानंतर नऊ दिवस शांतता. याच बाईंनी पहिल्या दिवशी ‘सर, अपडेटेड रेझ्युमे दहा मिनिटांत पाठवा, क्लायंट वाट बघतोय’ म्हणून मला दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून फाइल पाठवायला लावली होती, अर्ध्या बधिर तोंडाने. उमेदवाराची दहा मिनिटं ही दहा मिनिटं असतात आणि त्यांचे दोन दिवस हे श्रद्धेचा विषय असतात. असो.

तर माझ्याकडे दोन पत्ते होते. बाईंना लिहावं तर त्या ‘चेक करून सांगते’ म्हणणार. साहेबांना लिहावं तर बाई दुखावणार. फक्त बाईंना लिहावं तर साहेबांना वाटणार, एवढं सांगूनही याने साधं लिहिलं नाही, म्हणजे रस नाही. संध्याकाळभर घोळ घातला आणि जगातला सर्वात वाईट निर्णय घेतला: दोघांनाही लिहू, पण एकमेकांना कळणार नाही असं. मजकूर एकच. वरचं नाव बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना ९ वाजून २ मिनिटांनी, साहेबांना ९ वाजून ४ मिनिटांनी. त्यात फीडबॅक काय, माझी अपेक्षा चोवीस लाखांवरून सव्वीस केली तर चालेल का, नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड थोडा कमी करता येईल, असं सगळं एकत्र कालवलेलं.

‘हा कोण?’ या प्रश्नाचा राग अजून आहे, पण तो रास्त होता हे कबूल करायला हवं. माझा जीमेल कॉलेजच्या काळातला आहे आणि त्यात माझं नाव नाही, ‘रॉयल’ हा शब्द मात्र आहे. विषयाच्या जागी ‘फॉलो-अप’. कुठल्या पदासाठी, कुठल्या तारखेची मुलाखत, कोणामार्फत, यातलं काहीच नाही. त्या आठवड्यात साहेबांनी किती जणांना ‘नाइस’ म्हटलं असेल कोण जाणे. वर पगाराचा प्रश्न. तो आकडा बहुतेक ठिकाणी मॅनेजरच्या हातात नसतोच, एचआरच्या ठरलेल्या बँडमध्ये बसवावा लागतो. म्हणजे ‘रॉयल’ नावाच्या कुणीतरी सकाळी सकाळी त्यांच्याकडे दोन लाख जादा मागितले होते.

वीस मिनिटांत बाईंचा फोन. “सर, तुम्ही डायरेक्ट मॅनेजरना मेल टाकलात?” आवाज एकदम थंडगार. “मी तुम्हाला आज कॉल करणारच होते.” नऊ दिवस ज्या करणारच होत्या, त्या आजच करणार होत्या. “माझ्यावर येतं ना सर हे.”

तेव्हा मला नुसताच संताप आला. नंतर कन्सल्टन्सीत काम केलेल्या एका मित्राने हिशेब सांगितला. कन्सल्टन्सीला क्लायंटकडून मिळणारा दर अनेकदा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. माझ्या चोवीस लाखांवर दोन लाख. तेही मी रुजू झालो तर, आणि दोन-तीन महिन्यांत सोडून गेलो तर बदली माणूस फुकट द्यायचा. उमेदवार आणि मॅनेजर परस्पर बोलायला लागले की बाईंच्या पोटात गोळा येतो, कारण उद्या क्लायंट म्हणू शकतो, ‘हा तर आमच्याकडे थेट आला होता.’ आणि असा वाद झाला की तो मिटवण्याचा सोपा उपाय सगळ्यांना माहीत असतो: उमेदवारालाच नाकारायचं.

हे सगळं घेऊन मी खाली पार्किंगजवळच्या बाकावर बसलो होतो. तिथे नाना होते.

नाना आमच्या सोसायटीतले तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले अव्वल कारकून. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण पाण्याच्या टँकरची पावतीसुद्धा ते आवक क्रमांक टाकून फाइलला लावतात. मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी माझा चेहरा बघून चौकशी सुरू केली.

“अर्ज कोणाच्या नावे होता?”

“दोघांच्या, नाना.”

“दोघांच्या? मजकूर एकच?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला. “अरे, म्हणजे दोन मूळ प्रती? मूळ प्रत एकच असते!”

मी कंपन्यांमध्ये असं नसतं वगैरे सांगायला गेलो. त्यांनी हात वर केला. “ही बाई कोण? आस्थापना?”

“नाही, बाहेरच्या कन्सल्टन्सीची आहे.”

“बाह्य यंत्रणा. मग तर प्रकरण तिच्याच टेबलावरून हललं पाहिजे. तू काय केलंस माहितीये? तलाठ्याला ओलांडून प्रांताकडे गेलास. प्रांतसाहेब काय करतात? अर्जाच्या कोपऱ्यात लिहितात, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. सही, खाली टिंब. कागद फिरत फिरत परत त्याच तलाठ्यासमोर. आता तो तुला सातबारा देईल?”

‘प्लीज हँडल’चं इतकं अचूक भाषांतर मला कुठल्याच शब्दकोशात मिळालं नसतं.

“मग साहेबांना लिहायचंच नाही?”

“लिहायचं की! आगाऊ प्रत कशाला असते?” नाना आता खुलले. मूळ अर्ज कार्यालयप्रमुखांमार्फत, योग्य मार्गाने. तो मार्ग लांब असतो, म्हणून एक प्रत थेट वर पाठवायची आणि तिच्यावर ठळक लिहायचं, ‘आगाऊ प्रत’. “चोरी नाही. खालच्याला माहीत असतं वर गेलीये, वरच्याला माहीत असतं खालून येतीये. कुणाचाच अपमान नाही.”

मी म्हटलं, आमच्याकडे सीसी असतं, आणि बीसीसीही. बीसीसी म्हणजे काय ते सांगितलं: प्रत ज्याला जाते त्याचं नाव इतरांना दिसत नाही. मात्र तो गडी चुकून सर्वांना उत्तर देऊन बसला की सगळं उघडं पडतं.

“गुप्त प्रत?” नाना हादरले. “रोजच्या कामकाजात? आणि तुम्ही सुशिक्षित लोक ती वापरता?” वॉचमनलाही बोलावून त्यांनी ही माहिती दिली. वॉचमनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला नवीन नव्हती.

मग तिथेच, टँकरच्या पावतीच्या मागे, मसुदा झाला. नानांचा एकच हट्ट होता: एक अर्ज, एक विषय. पैसा, तारखा, निकाल कधी, हे सगळं बाईंकडे. साहेबांकडे फक्त कामाचं. “साहेबाला तारीख विचारलीस की तो तुला खालीच ढकलणार. त्याच्या खात्याचं काहीतरी दे, मग तो स्वतः वाचेल.”

साहेबांच्या खात्याचं माझ्याकडे खरंच होतं. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, की पेमेंटचा एकच संदेश दोनदा आला तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय कराल? मी प्रत्येक पेमेंटला वेगळा क्रमांक द्यायचं सांगितलं होतं, पण दोन्ही संदेश एकाच क्षणी आले तर काय, हे राहून गेलं होतं. ते चार ओळींत लिहिलं: आधी तपासून मग नोंद करण्यात फट राहते, म्हणून त्या क्रमांकाची नोंदच डेटाबेसमध्ये एकदाच होऊ शकेल अशी ठेवायची, दुसरी आपोआप नाकारली जाते. विषयात माझं पूर्ण नाव, पदाचं नाव, मुलाखतीची तारीख. निकालाबद्दल एक अक्षर नाही. सीसीत बाई, उघड.

त्याआधी बाईंना वेगळा मेल: तिसऱ्या राउंडची तारीख, निकालाची विचारणा, आणि ‘मुलाखतीतल्या एका प्रश्नाचं राहिलेलं उत्तर आज साहेबांना पाठवतो आहे, तुम्हाला प्रतीत ठेवलं आहे’ एवढं वाक्य. आधीच्या मेलबद्दल माफी घालायची होती. नाना म्हणाले, “माफी नको, नस्तीत राहते.”

बाईंनी उत्तरच दिलं नाही तर? “आठ दिवसांनी स्मरणपत्र. मग दुसरं. मगच वर, तिला प्रत लावून, दोन्ही स्मरणपत्रांच्या तारखा टाकून.” आणि मुळात बाई मधे यायच्या आधीच साहेबांची ओळख असती तर? “नोंद व्हायच्या आधी कुणालाही भेट, चहा पी. आवक क्रमांक पडला की मार्गानेच.”

मला हे सगळं पटत होतं याचाच मला जास्त त्रास होत होता. ज्या व्यवस्थेला हसत मी इंजिनियर झालो, तिच्याच बाकावर बसून तेरा वर्षांनी मी नोकरी कशी मागायची ते शिकत होतो. आणि नऊ दिवस गप्प बसलेल्यांचा मान राखायला मी, चुकलो तो मीच, आणि शिष्टाचार सांभाळणाराही मीच. त्यांच्यापैकी कुणी कुठल्या बाकावर बसून माझ्याबद्दल एवढा विचार केला असेल?

मेल गेले. साहेबांचं उत्तर वीस मिनिटांत: ‘गुड पॉइंट.’ मी कोण, ते विचारलं नाही. बाईंचा फोन दुपारी, आवाज थोडा कोमट: “सर, हे असं मला सांगून केलंत ना, तर मला काहीच प्रॉब्लेम नाही. उद्या फायनल सांगते.”

काल फोन आला. दुसऱ्याच बाईंचा. आधीच्या बाईंना दुसरा क्लायंट दिला गेला होता. “सर, रेझ्युमे पाठवाल? करंट सीटीसी, एक्सपेक्टेड, नोटीस पीरियड आणि बदल का हवाय, तेवढं सांगा.”

मी खाली जाऊन नानांना सांगितलं.

“टेबल बदललं,” ते म्हणाले. “जुन्या बाईंकडून पोच घेतली होतीस का?”