एक लिटर रंग आणि आम्ही दोघं

लग्नानंतर काही वर्षांनी नवरा-बायकोत फक्त प्रशासकीय संवाद उरतो. "गॅस लावलास?" "मेंटेनन्स भरलास?" "तुझ्या आईचा फोन होता." आम्ही त्यावर उपाय म्हणून दर शुक्रवारी बाहेर जेवायचो. पण त्या हॉटेलचा वेटर हल्ली मेनूकार्ड आणतच नाही. लांबूनच ओरडतो, "नेहमीचंच ना?" नवरा मान डोलावतो आणि मोबाइल काढतो. मीही काढते. तेवढंच काय ते एकत्र.

यात आमचा काही विशेष दोष नाही, हे आर्थर ॲरन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बऱ्याच आधी तपासून ठेवलंय. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 53 जोडप्यांवर केलेला एक प्रयोग 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. काही जोडप्यांनी दहा आठवडे दर आठवड्याला दीड तास नुसत्या छान वाटणाऱ्या गोष्टी करायच्या, काहींनी जरा थरारक वाटणाऱ्या, तर काहींनी काहीच वेगळं करायचं नाही. थरारवाले संसारात जास्त खूश निघाले. नुसत्या छान गोष्टी करणाऱ्यांना काही न करणाऱ्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही. म्हणजे आमचं शुक्रवारचं पनीर वाया. पुढच्या एका प्रयोगात तर त्याने नवरा-बायकोचे हात-पाय एकमेकांना पट्टीने बांधून त्यांना गादीवर रांगायला लावलं, तेही फोमचा एक लोड हात न लावता सोबत नेत. तिथेही रांगून आलेल्यांचं एकमेकांबद्दलचं मत सुधारलं.

आमच्या गुडघ्यांना रांगणं झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही बेडरूमची एक भिंत रंगवायला घेतली. एकच. बारा बाय साडेनऊ फूट, दोन हातांना एक लिटर रंग पुरतो. एवढ्याशा कामाला पेंटर येत नाही. "पूर्ण घर काढा, मग बघू," म्हणतो.

भिंत निवडण्यामागे विचार होता. जे दोघांपैकी एकालाच येतं, ते एकत्र शिकायला घेऊ नये. नवऱ्याने मला गाडी शिकवली तेव्हा आमचं लग्न तिसऱ्या गिअरमध्ये मोडता मोडता राहिलं. रंगकामात दोघंही सारखेच ढ.

आधी पत्र्याने जुने पोपडे खरवडले, खड्ड्यांत लांबी भरली. लांबी पूर्ण वाळली की पॉलिश पेपर मारायचा. इथे पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे नीट पाहिलं, कारण ओळखू येत नव्हतो. पांढऱ्या भुकटीतला नवरा थेट त्याच्या आजोबांसारखा दिसत होता. हे मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू पण आजोबांसारखीच दिसतेयस."

प्रायमर लावला, वाळू दिला. मग खरा रंग. याची गोम अशी की रोलर कोपऱ्यात आणि छताच्या कडेला पोचत नाही. तिथे आधी ब्रशने पट्टी मारायची आणि ती ओली असतानाच रोलरने तिच्यात मिसळायचं. पट्टी वाळून गेली तर भिंतीला फ्रेम केल्यासारखी कड दिसते, आणि ती उन्हात जास्तच दिसते. एकट्याने करायचं तर सारखं शिडीवर चढ-उतार. दोघं असतील तर एकाने ब्रश मारत पुढे जायचं, दुसऱ्याने मागोमाग रोलर आणायचा. त्या प्रयोगातली पट्टी इथे आपोआप बांधली जाते, फरक इतकाच की ती ओल्या रंगाची असते.

मी शिडीवर, तो खाली.

"अगं हळू, मी मागे राहतोय!"

"अरे, तू रोलर निथळून घे ना आधी, थेंब पडतायत!"

"कुठे?"

"तुझ्या टकलावर."

एरवी या वाक्यावर दोन दिवस अबोला झाला असता. पण कड वाळत होती, भांडायला कोणालाच फुरसत नव्हती. नात्यासाठी अशी घाई फार उपयोगी पडते, असं माझं मत झालंय. दुसऱ्या हातापर्यंत चार तास थांबायचं होतं. पलंग हॉलमध्ये उभा केलेला, म्हणून आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वडापाव खाल्ला आणि शेजारच्या काकूंची नक्कल केली. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होते, हे संध्याकाळी लक्षात आलं.

भिंत बरी झाली. डाव्या कोपऱ्यात कड दिसते. ती त्याच्या रोलरमुळे की माझ्या ब्रशमुळे, यावर आमची चर्चा अजून चालू आहे आणि ती मेंटेनन्सपेक्षा केव्हाही बरी.

नवरा इतका चेकाळला की म्हणाला, "आता हॉल काढूया." मी साफ नाही म्हटलं. दुसरी भिंत म्हणजे पुन्हा नेहमीचंच, फक्त रंग वेगळा. मी मोठ्यांच्या पोहण्याच्या बॅचमध्ये दोघांची नावं घातलीयत. पोहायला दोघांनाही येत नाही. फॉर्मवर 'आणीबाणीत संपर्क' या रकान्यात दोघांनीही एकमेकांचा नंबर लिहून आलोय.